लॅब्रॅडॉरची नसबंदी: सहा महिने की एक वर्ष?

पिल्लू सहा महिन्यांचं झालं की नसबंदी उरकून टाका, हा सल्ला कुत्रा पाळणाऱ्या घरांना अजूनही सर्रास मिळतो. पोमेरेनियनसारख्या छोट्या जातीला तो चालतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा जर्मन शेफर्ड घरी असेल तर मात्र तो जसाच्या तसा पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण हाडांत आहे. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात आणि तिथेच हाडाची लांबी वाढते. वयात येताना अंडाशयातून किंवा वृषणांतून येणारी संप्रेरकं या पट्ट्यांना थांबायचा इशारा देतात, मग ते हळूहळू हाड बनून बंद होतात. नसबंदीत हे अवयवच काढले जातात. ती फार लवकर केली तर इशारा कमी पडतो, पट्टे उशिरा बंद होतात आणि पाय थोडे जास्त लांब होतात. सगळी हाडं एकाच वेळी वाढायची थांबत नाहीत, त्यामुळे सांध्यांतले कोन किंचित बदलू शकतात. पाच किलोच्या कुत्र्याला त्याचा सहसा त्रास होत नाही, तीस किलोच्या कुत्र्याचा गुडघा आणि खुबा मात्र तो भार रोज सोसतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय रुग्णालयातल्या नोंदी तपासून बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचं प्रमाण, नसबंदी न झालेल्या नरांच्या दुप्पट आढळलं. 2020 मध्ये त्याच गटाने पस्तीस जाती तपासल्या. बहुतेक छोट्या जातींमध्ये वयाने सांध्यांना फरक पडला नव्हता. हे आकडे रुग्णालयात आलेल्या कुत्र्यांचे आहेत, त्यामुळे त्यांतून संबंध दिसतो; केवळ नसबंदीमुळेच दुखणं आलं हे सिद्ध होत नाही. वजन आणि आनुवंशिकताही त्यात असतातच.

मग मोठ्या कुत्र्याची नसबंदी टाळायची का? मादीच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. वय वाढलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा आजार, पायोमेट्रा, बऱ्याचदा आढळतो. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, उलट्या झाल्या, मायांगातून घाण वास येणारा स्राव दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कधी तोंड बंद असल्याने स्राव बाहेर दिसतच नाही आणि पोट फुगत जातं. तो प्रकार जास्त घातक. स्तनांच्या गाठींचा धोकाही प्रत्येक माजागणिक वाढतो, असं जुने अभ्यास सांगतात. त्या पुराव्याच्या भक्कमपणाबद्दल अलीकडे शंका घेतल्या गेल्या आहेत.

म्हणून लॅब्रॅडॉर मादीचा हिशोब असा मांडता येतो. समजा ती नवव्या महिन्यात पहिल्यांदा माजावर आली. माजाचे साधारण तीन आठवडे तिला पट्ट्याशिवाय बाहेर सोडायचं नाही, गच्चीवरही एकटी ठेवायचं नाही. या काळात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून शस्त्रक्रिया टाळतात. लगेच नंतरही घाई नको, कारण त्या वेळी केल्यास खोट्या गरोदरपणाची लक्षणं रेंगाळू शकतात. दोन-तीन महिने थांबून, म्हणजे वयाच्या साधारण वर्षभरानंतर, नसबंदी करावी. तोवर वाढीचा मोठा भाग उरकलेला असतो. लघवीवरचा ताबा सुटण्याचा त्रास काही माद्यांना नसबंदीनंतर होतो, तोही फार लहान वयात केलेल्यांत जास्त दिसतो.

नराला घाई आणखी कमी. त्याची नसबंदी बहुतेक वेळा वागणुकीसाठी मागितली जाते. मादीच्या वासाने पळून जाणं, घरात खुणेची लघवी करणं, अंगावर चढणं हे त्याने बरंच कमी होतं. पण फटाक्यांची भीती, अनोळखी माणसावर भुंकणं, भीतीपोटी चावणं याला त्याचा उपाय होत नाही. भित्र्या कुत्र्यात ते वाढूही शकतं. अशा वेळी आधी प्रशिक्षण, मग शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेनंतर वाटीतलं अन्न मात्र कमी करायलाच हवं, कारण ऊर्जेची गरज घटते आणि भूक वाढते. साधारण एक पंचमांश कमी करून सुरुवात करावी, दर पंधरवड्याला वजन घ्यावं. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. सांधे बिघडवण्यात जास्तीच्या वजनाचा वाटा मोठा असतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना हा हिशोब लागू नाही. त्यांचं वजन बहुधा वीस किलोच्या आत असतं आणि आज हातात आलेला कुत्रा पुन्हा सापडेलच असं नसतं, म्हणून तिथे लवकर नसबंदी योग्यच ठरते. घरच्या कुत्र्याची वेळ ठरवताना डॉक्टरांना जात, अपेक्षित पूर्ण वजन आणि शेवटच्या माजाची तारीख, या तिन्ही गोष्टी सांगा.