चेहरा झाकला, तरी मूल ओळखू आलं

ठाण्यातल्या किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या पालिका शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाई डोळ्यांसमोर आणा. वर्षभर मेहनत घेऊन त्यांनी वर्ग वाचता केला आहे आणि ते चार लोकांना कळावं असं त्यांना मनापासून वाटतं. मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत आणि नावं घ्यायची नाहीत, हेही त्यांनी ठरवलेलं आहे. तरीही पोस्ट टाकल्यावर खाली कमेंट येते, “ही तर आमच्या चाळीतली पोरगी!” काळजी घेऊनही असं होतं, कारण या काळजीविषयीच काही गैरसमज पक्के बसले आहेत.

गैरसमज : चेहऱ्यावर इमोजी लावला की मूल ओळखू येत नाही.

परक्या माणसाला येत नाही, हे खरं. पण शिक्षकाची पोस्ट आधी वाचतात ती शेजारपाजारची माणसं, इतर पालक, शाळेच्या व्हॅनचे काका आणि शिकवणीच्या ताई. ती मुलाला चेहऱ्यावरून नाही, तर आजूबाजूच्या खुणांवरून ओळखतात. पोस्टवर बाईंचं नाव आहे, म्हणजे शाळा कळली. इयत्ता लिहिली, म्हणजे वर्ग कळला. आता शोध उरला तीसेक मुलांपुरता.

समजा, बाईंनी असं लिहिलं : “जूनमध्ये उत्तर प्रदेशातून आलेली माझी विद्यार्थिनी. मराठीचा गंध नव्हता. वडील रिक्षा चालवतात. आज ती मिनिटाला ६० शब्द वाचते.” फोटोत पाठमोरी मुलगी फळ्यासमोर उभी आहे. मजकुरात नाव नाही, फोटोत चेहरा नाही. पण मुलगी, परप्रांतातून आलेली, याच वर्षी दाखल झालेली, वडील रिक्षाचालक, या चार गोष्टी एकत्र लागू पडतील अशी वर्गात एकच असणार. फळ्याच्या कोपऱ्यात तुकडी, पट, हजर आणि तारीख लिहिलेली आहे. बाकावरच्या वहीला लेबल आहे आणि त्यावर नाव व हजेरी क्रमांक आहे. म्हणजे जे नाव लपवायचं होतं, ते फोटो मोठा करून पाहिला की वाचता येतं. आणि बापाचा धंदा व मराठी न येणं या दोन्ही गोष्टी त्या मुलीच्या संमतीशिवाय गल्लीभर झाल्या, हे मला सगळ्यात गंभीर वाटतं.

हेच यश दुसऱ्या पद्धतीने मांडता येतं : “माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. जूनमध्ये ती जोडाक्षरापाशी अडखळायची. रोज मधल्या सुट्टीनंतर २० मिनिटं जोडीने वाचन घेतलं. आता ती अनोळखी परिच्छेद सलग वाचतात.” सोबत फोटो द्यावा तो शब्दपट्ट्यांचा आणि जोडीवाचनाच्या वेळापत्रकाचा. ‘निपुण भारत’मध्ये तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्दांचं वाचन अपेक्षित आहे. वर्ग त्या टप्प्याच्या किती जवळ गेला, हे लिहिलं तर दुसऱ्या शिक्षकाला त्याचा खरा उपयोग होतो. त्याला पद्धत हवी असते. कुणाचे वडील काय करतात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आकडेही जपून द्यावे लागतात. “३० पैकी २९ मुलं वाचू लागली” हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण ते बोट दाखवतं मागे राहिलेल्या एकाकडे. तो कोण, हे पालकांच्या ग्रुपवर लगेच ओळखलं जातं. “जवळजवळ सगळा वर्ग” म्हटलं तर काही बिघडत नाही. प्रगतीच्या तक्त्यावर नावाऐवजी हजेरी क्रमांक टाकणं हीसुद्धा पळवाटच, कारण वर्गात तो क्रमांक म्हणजेच नाव. शिष्यवृत्ती परीक्षेचा बैठक क्रमांक तर त्याहून उघडा. निकालाच्या पानावर तो टाकला की विद्यार्थ्याचा निकालच समोर येतो.

गैरसमज : झाकलं म्हणजे पुसलं.

मोबाइलमधला काळा मार्कर पुष्कळदा थोडा पारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसू लागतात. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये कापलेला फोटो फक्त दिसेनासा होतो, कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहू शकतो. २०२३ मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या आणि विंडोज ११ मधल्या कापणीच्या साधनांत असा दोष सापडला होता की, कापून टाकलेला भाग काही अंशी परत मिळवता येत होता. दोन्ही दोष नंतर दुरुस्त झाले, पण आधी पाठवलेल्या फाइली जिथे होत्या तिथेच राहिल्या.

म्हणून फोटो काढून मग झाकत बसण्यापेक्षा मुळातच मूल चौकटीत न घेता काढावा. आधी फळ्याचा कोपरा पुसावा, वह्या पालथ्या ठेवाव्यात आणि ओळखपत्रं बाजूला काढावीत. रील करायचं असेल तर आवाजही ऐकून घ्यावा. पडद्यावर फक्त हात दिसत असतात आणि मागून बाई मुलाला नावाने हाक मारत असतात, असं सर्रास घडतं. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो कुठे काढला ती जागाही सोबत जाऊ शकते. सहलीचे फोटो टाकायचे असतील तर सगळी मुलं घरी पोचल्यावर टाकावेत. दुर्गाडी किल्ल्यावर वर्ग फिरत असतानाच टाकले, तर मुलं आत्ता कुठे आहेत हे जाहीर होतं.

गैरसमज : प्रवेश अर्जावर पालकांची सही आहे, मग झालं.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ती विशिष्ट कारणासाठी आणि समजून-उमजून दिलेली असावी लागते, आणि पालकाला ती मागेही घेता येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शिक्षणसंस्थांना त्यात काही सवलत आहे, पण ती शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्यांच्यावर लक्ष ठेवण्यापुरती आहे, शाळेच्या प्रसिद्धीसाठी नाही. जूनमध्ये घाईत केलेली सरसकट सही फेब्रुवारीतल्या रीलला पुरेल, असं धरून चालू नये.

गैरसमज : खातं माझं वैयक्तिक आहे, आणि शासनही फोटो मागतंच की.

राज्य शासनाने २८ जुलै २०२५ रोजी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी परिपत्रक काढलं. ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, म्हणजे पालिका शाळांतल्या शिक्षकांनाही. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची, वैयक्तिक खात्यावरच्या फोटो-रीलमध्ये शासकीय बोधचिन्ह, गणवेश, इमारत वापरायची नाही, असं त्यात आहे. योजनेच्या यशासाठी सगळ्यांनी मिळून केलेल्या प्रयत्नांबद्दल लिहायला मुभा आहे, मात्र त्यात आत्मप्रशंसा नको. वर्गाचं काम मांडणाऱ्या शिक्षकाला ही चौकट फारशी अडचणीची नाही.

शासन फोटो मागतं, हेही खरं. २०१६ मध्ये तर विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून सरकारी प्रणालीवर चढवण्याचा आदेश निघाला होता आणि विरोधानंतर तो स्थगित झाला. पण प्रणालीवर पुरावा म्हणून फोटो पाठवणं वेगळं आणि तोच फोटो आपल्या फेसबुकवर टाकणं वेगळं. पहिल्याच्या आदेशाने दुसऱ्याची परवानगी मिळत नाही.

शिक्षकांना एवढीच विनंती, की पोस्ट टाकण्याआधी ती त्याच वर्गातल्या एखाद्या पालकाला दाखवा आणि विचारा, “यातलं मूल कोण, सांगता येईल?” त्यांनी नाव सांगितलं, तर पोस्ट पुन्हा लिहा.