‘हॅव’च्या शेजारी ‘काल’ बसत नाही

नोकरीच्या अर्जांत एक वाक्य वारंवार भेटतं : ‘आय हॅव पास्ड बी.कॉम. इन 2018.’ अर्थ कळतो, पण इंग्रजीत हे वाक्य चूक आहे. आपल्याला मात्र ते खटकत नाही, कारण मराठीत ‘मी कालच अर्ज दिला आहे’ हे अगदी शुद्ध आहे. ‘दिला आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ ‘काल’ला सहज सामावून घेतो. मग ‘आहे’च्या जागी ‘हॅव’ ठेवलं की झालं, असं वाटतं.

इंग्रजीतला ‘हॅव’ बोलणाऱ्याच्या आत्ताशी जोडलेला असतो. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणणारा सहसा अजून दाराबाहेरच उभा असतो. काल, गेल्या वर्षी, दोन दिवसांपूर्वी असा संपलेला काळ वाक्यात सांगितला, की ‘हॅव’ जातो आणि साधा भूतकाळ येतो : ‘आय लॉस्ट माय की यस्टरडे.’ ‘केव्हा’ विचारतानाही तेच. ‘व्हेन हॅव यू कम?’ नव्हे, ‘व्हेन डिड यू कम?’

आता समजा, पूर्वी नाशिकला असलेला आणि आज पुण्यात नोकरी करणारा उमेदवार मुलाखतीत म्हणाला, ‘आय हॅव वर्क्ड इन नाशिक फ्रॉम 2015 टू 2019.’ ते पर्व संपलं आहे, म्हणून इथे ‘आय वर्क्ड’ हवं. पुढे तो सांगतो, ‘आय अ‍ॅम वर्किंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.’ हे ‘पाच वर्षांपासून काम करतोय’चं शब्दशः रूप. नोकरी तेव्हा सुरू झाली आणि आजही चालू आहे, म्हणून नेमकी इथेच ‘हॅव’ची गरज आहे : ‘आय हॅव वर्क्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.’ कालावधीला ‘फॉर’ आणि सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, म्हणजे ‘सिन्स 2020’. त्याने घाबरून ‘हॅव’ गाळला आणि ‘आय वर्क्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटलं, तर ऐकणारा समजेल की त्याने पुण्याची नोकरी सोडली. ही चूक मला सर्वांत महागाची वाटते, कारण वाक्य शुद्ध असतं आणि माहिती खोटी ठरते.

गप्पांमध्ये दोन्ही काळ पाठोपाठ येतात. ‘हॅव यू एव्हर बीन टू दिल्ली?’ यात आजवरच्या आयुष्याबद्दल विचारलं आहे. उत्तरात साल आलं, की काळ बदलतो : ‘येस, आय वेंट देअर इन 2019.’

‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्यासोबत अमेरिकन लोक साधा भूतकाळही वापरतात. ‘डिड यू ईट येट?’ तिकडे सर्रास ऐकू येतं, ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘हॅव यू ईटन येट?’ अधिक रूढ आहे. ‘यस्टरडे’सोबत ‘हॅव’ मात्र दोन्हीकडे चुकीचाच. अर्ज पाठवण्याआधी त्यातले ‘हॅव’ शोधा आणि त्याच वाक्यात एखादी उलटून गेलेली तारीख किंवा साल आहे का, तेवढं पाहा.