वडीलधाऱ्यांच्या औषधांची आठवण : सुविधेस नाव कोणते असावे?

रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा दुखत-खुपत काहीच नाही. त्यामुळे गोळी चुकली असता शरीर स्वतः होऊन तिची आठवण देत नाही. भंडारा जिल्ह्यास हा विषय नवा नाही. सन 2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे जिल्हे निवडण्यात आले, त्यांत वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग यांच्याबरोबर भंडाऱ्याचाही समावेश होता. आरोग्य केंद्रातून महिनाभराच्या गोळ्या हाती पडतात. परंतु त्या रोज ठरल्या वेळी घेण्याचे काम घरीच व्हावयाचे असते. मोबाईलवरील आरोग्यविषयक ॲपमध्ये औषधाची आठवण देणारी सोय असते ती याच कामासाठी. या सोयीस जे नाव द्यावयाचे, ते वृद्ध माणसाच्या तोंडी सहज बसणारे हवे. कारण घंटा वाजली नाही, तर नातवाला किंवा आशाताईंना तक्रार सांगताना त्यांना तेच नाव उच्चारावे लागते.

बोलीची कसोटी

नाव कागदावर सोपे दिसणे आणि बोलण्यास सोपे असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भंडारा जिल्ह्यात झाडीबोली बोलली जाते. या बोलीत ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो, ‘श’ आणि ‘ष’ यांच्या जागी ‘स’ येतो आणि ‘ळ’ चा उच्चार पुष्कळदा ‘र’ असा होतो. डोळ्याला ‘डोरा’ म्हणणाऱ्या आजीबाईंच्या तोंडी ‘गोळी’ ची ‘गोरी’ होणार. घरच्यांना त्यात काही वावगे वाटणार नाही. पण बोलून शोधण्याची सोय असलेल्या मोबाईलला ‘गोरी’ या शब्दातून गोळी ओळखता येईलच असे नाही. शिवाय ‘असे नव्हे, तसे म्हणा’ अशी दुरुस्ती ज्या नावापायी वारंवार ऐकावी लागते, ते नाव वृद्ध मंडळी हळूहळू टाळू लागतात.

याचा अर्थ ‘ण’ किंवा ‘ळ’ असलेले प्रत्येक नाव त्याज्य ठरते असा नाही. बोलीतील उच्चारानंतरही शब्दाचा अर्थ कायम राहतो किंवा कसे, एवढेच पाहावयाचे. ‘पाणी’ चे ‘पानी’ झाल्याने कोणाचाही गैरसमज होत नाही.

शब्दांचे दुसरे अर्थ

दुसरी कसोटी अर्थाची. शिष्ट मराठीत निर्दोष वाटणारे शब्द वृद्धांच्या कानी वेगळेच वाजतात. ‘औषध-स्मरण’ हे नाव भारदस्त खरे. परंतु ‘स्मरण’ म्हणताच वर्तमानपत्रातील पुण्यस्मरणाची चौकट डोळ्यांपुढे उभी राहते. ‘साथ’ या शब्दात सोबतीचा भाव असला तरी मराठीत पटकीची साथ असते आणि साथीचे रोगही असतात. ‘डोस’ हा शब्द घरोघरी रुळलेला आहे. पण उपदेशाचे डोस पाजणे हा वाक्प्रचारही तितकाच रूढ आहे.

‘औषध’ या शब्दाचा पेच अधिक गंभीर आहे. भंडारा हा धानाचा जिल्हा. येथे औषध धानावर मारले जाते, ते किडीसाठी. अमक्याने ‘औषध प्याले’ असे म्हटले, तर खेड्यात त्याचा अर्थ विषप्राशन असाही लागतो. नुसता ‘दवा’ हा शब्दही फवारणीच्या कामी वापरला जातो.

आज्ञा नको, आदर हवा

तिसरी कसोटी संबोधनाची. ‘गोळी घे’ म्हणावे, तर यंत्राने वडीलधाऱ्यांना एकेरीत हाक मारल्यासारखे होते. ‘आठव’ या शब्दाचा मूळ अर्थ स्मृती असला, तरी तो ऐकताना ‘तू आठव’ अशी आज्ञा वाटते. ‘गोळी घ्या’ यात आदर आहे. परंतु ते सुविधेचे नाव न होता हुकूम होतो, आणि दिवसातून तीनदा हुकूम ऐकणे कोणास आवडणार?

घरातील माणसे हा पेच सहज सोडवितात. सून सासऱ्यांना ‘सकाळची गोळी घेतली का?’ असे विचारते. या वाक्यात क्रियापद गोळीप्रमाणे चालते, माणसाप्रमाणे नव्हे. म्हणून एकेरी-आदरार्थीचा प्रश्नच उद्भवत नाही. घंटेसोबत उमटणारे वाक्य याच धर्तीचे असावे.

एक उदाहरण

साकोली तालुक्यातील सत्तरीच्या एका आजीबाईंचे उदाहरण कल्पून पाहू. त्यांना सकाळी रक्तदाबाची एक गोळी, दोन्ही जेवणांनंतर मधुमेहाची एकेक गोळी आणि रात्री डोळ्यांत घालावयाचे थेंब आहेत. नावात ‘गोळी’ घातली तर थेंब बाहेर राहतात. घरातल्या बोलण्यात या सर्वांना सामावून घेणारा जुना शब्द आहे : दवापाणी. त्यात गोळी, पातळ औषध, थेंब हे सगळे येते. शेतातील फवारणीस कोणी दवापाणी म्हणत नाही. तो शब्द आज्ञा करीत नाही, आणि ‘दवापानी’ असा उच्चार झाला तरी अर्थ ढळत नाही.

तरीही हा शब्द पारखून घेतला पाहिजे. आजीबाईंना तो एकदाच सांगावा व दुसऱ्या दिवशी ‘ती घंटा वाजते, तिला काय म्हणतात?’ असे विचारावे. शेजारच्या खोलीतून हाक देऊन पाहावी. फोनवरून मुलाला सांगावयास लावावे. तिन्ही वेळा शब्द अडखळला नाही व उलट विचारणा झाली नाही, तर नाव उतरले असे समजावे. त्यांनी स्वतः होऊन निराळाच शब्द वापरला, तर तो टिपून घ्यावा. बहुधा तोच अधिक चांगला असतो.

नाव ठरल्यावरही चुका होतात त्या व्याकरणात. यंत्र नावाला प्रत्यय जसाच्या तसा चिकटविते आणि ‘दवापाणीची वेळ’ असे लिहिते; मराठीत ‘दवापाण्याची वेळ’ असे हवे. तसेच ‘घेतली का?’ हा प्रश्न गोळीला लागू पडतो, थेंबांना नाही. तेथे ‘थेंब घातले का?’ असेच वाक्य हवे. म्हणून प्रत्येक प्रकारासाठी पूर्ण वाक्य वेगळे लिहून ठेवणे श्रेयस्कर.

नावाची मर्यादा

‘दवापाणी’ या शब्दात आठवण देण्याचा अर्थ नाही. तो घंटेच्या वाक्याने पुरवावा लागतो. आणि त्या वाक्यात कोणती मात्रा हे स्पष्ट नसेल तर धोका संभवतो. नुसते ‘दवापाण्याची वेळ झाली’ असे ऐकून आजीबाई सकाळी घेतलेली रक्तदाबाची गोळी दुपारी पुन्हा घेतील. म्हणून ‘दुपारची, जेवणानंतरची, साखरेची गोळी. घेतली का?’ असे म्हटले पाहिजे. खालच्या कळींवर ‘घेतली’ आणि ‘थोड्या वेळाने’ हे दोनच पर्याय पुरेत. ‘घेतली’ ही कळ दाबली म्हणजे गोळी पोटात गेलीच असे नव्हे. महिनाअखेरीस उरलेल्या गोळ्या मोजल्या की ते कळते. चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. काय करावे ते डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिकेस विचारावे. ही सूचनाही त्याच पडद्यावर, त्याच साध्या भाषेत असावी.