प्रायोजकाला पहिलं पत्र

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावांत सार्वजनिक वाचनालयं अशा माला चालवतात, आणि श्रोत्यांना तिकीट नसल्यामुळे खर्चाचा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मग कार्यकारिणीच्या बैठकीत ठरतं की एखादा प्रायोजक गाठायचा. लगेच एक पत्र टाईप होतं, त्याच्या पन्नास प्रती निघतात आणि बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानात एकेक जाते. त्यातून हाती येते ती वर्गणी. दुकानदार पाचशे-हजाराची पावती फाडून घेतो आणि विषय संपतो. मुख्य प्रायोजक असा मिळत नाही, कारण पन्नास जणांना लिहिलेलं पत्र कुणा एकाला लिहिलेलं नसतं.

पत्राआधी एक गोष्ट ठरवावी लागते: समोरचा हा पैसा कुठल्या खिशातून देणार? खासगी देणगीदार आई-वडिलांच्या स्मरणार्थ एका व्याख्यानाचा खर्च उचलतो. त्याला देणगीची पावती हवी असते आणि संस्थेकडे 80जी असेल तर करसवलतही. दुकानदार किंवा पतसंस्था देते तो जाहिरातखर्च. तो त्यांच्या वहीत खर्च म्हणून पडतो आणि बदल्यात नाव झळकावं ही अपेक्षा रास्त असते. त्याची पावतीही जाहिरातीचीच हवी. तिच्यावर जीएसटीचं काय, हे हिशेबनिसाला आधीच विचारून ठेवावं. एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीकडे जाणारे मात्र हमखास ‘सीएसआरमधून द्या’ म्हणतात आणि तिथेच अडतात. कंपनीच्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमच सांगतो. त्या निधीसाठी वेगळा प्रस्ताव लागतो, उदाहरणार्थ शाळांसाठी फिरत्या ग्रंथपेट्यांचा. संस्थेची सीएसआर-1 नोंदणीही लागते. व्याख्यानमालेच्या पडद्यावर कंपनीचं नाव हवं असेल, तर तिच्या जाहिरात विभागाकडे जावं.

एक नमुना घेऊ. तीन दिवसांची माला, जानेवारीत. वक्त्यांचं मानधन 45 हजार, प्रवास आणि निवास 18 हजार, मंडप-खुर्च्या-ध्वनिक्षेपक 30 हजार, छपाई आणि फलक 15 हजार, चहा-सत्कार 12 हजार. एकूण 1 लाख 20 हजार. वाचनालय स्वतःचे 40 हजार घालणार, स्मरणिकेतल्या छोट्या जाहिरातींतून 30 हजार येतील. उरलेले 50 हजार मुख्य प्रायोजकाकडून हवेत. पण गाठायचं कुणाला?

उत्तर श्रोत्यांकडे पाहिलं की मिळतं. संध्याकाळी साडेसहाला खुर्च्यांवर कोण बसलेलं असतं? निवृत्त शिक्षक, बँकेतून किंवा तहसीलमधून निवृत्त झालेले, त्यांच्या घरची माणसं. या लोकांकडे निवृत्तीची रक्कम असते आणि ती कुठे ठेवावी, हा त्यांच्यासमोरचा रोजचा विषय असतो. ठेवी मिळवू पाहणाऱ्या स्थानिक पतसंस्थेला हेच लोक भेटायला हवे असतात. मोटारसायकलच्या शोरूमला ते नको असतात. त्या शोरूमचा मालक कितीही वाचनप्रेमी असला, तरी त्याच्याकडे देणगी मागावी, प्रायोजकत्व नव्हे.

मग पत्र. ते वाचनालयाच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह आणि एका पानात मावणारं असावं:

‘मा. अध्यक्ष, स.न.वि.वि. आमच्या वाचनालयातर्फे दरवर्षी जानेवारीत तीन दिवसांची व्याख्यानमाला होते. रोज सुमारे अडीचशे श्रोते येतात. त्यांत निम्म्याहून अधिक निवृत्त शिक्षक, कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय असतात. यंदाच्या मालेचे मुख्य प्रायोजकत्व आपल्या संस्थेने घ्यावे, असा प्रस्ताव आहे. त्यातून संस्थेला काय मिळेल आणि खर्च किती येईल, हे समक्ष सांगण्यासाठी आपली वीस मिनिटे हवी आहेत. येत्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकरानंतर आम्ही दोघे येऊ शकतो. आपल्या सोयीची वेळ विचारण्यासाठी सोमवारी दुपारी कार्यालयात फोन करतो. कळावे.’

यात पन्नास हजारांचा आकडा नाही, आणि तो मुद्दाम नाही. कागदावरच्या आकड्याला नकार देणं फार सोपं असतं; अध्यक्ष ते पत्र व्यवस्थापकाकडे सरकवतात आणि व्यवस्थापक फायलीत लावतो. पत्रातून मागायची ती फक्त भेट. फोन आपण करायचा. ‘आपल्या उत्तराची वाट पाहतो’ म्हणून बसलेल्यांना उत्तर क्वचितच येतं. अडीचशेचा आकडा मात्र खरा हवा. मागच्या वर्षी रोज मधल्या चहाच्या वेळी भरलेल्या खुर्च्या मोजल्या असतील, तर तो छातीठोक सांगता येतो. फुगवलेला आकडा अध्यक्ष पहिल्याच संध्याकाळी सभागृहात येऊन स्वतः पाहतात, आणि पुढच्या वर्षीचं दार तिथेच बंद होतं.

भेटीला दोघांनी जावं: वाचनालयाचे अध्यक्ष किंवा चिटणीस, आणि सोबत ज्याचं त्या पतसंस्थेत खातं आहे असा एक सभासद. अंदाजपत्रकाचा कागद आणि मागच्या वर्षीचे दोन फोटो जवळ ठेवावेत. त्यातला एक मंचाचा असला तरी दुसरा भरलेल्या खुर्च्यांचाच हवा. काय देणार हे नेमकं सांगावं. मंचामागच्या पडद्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर संस्थेचं नाव, पहिल्या दिवशी उद्‌घाटनात अध्यक्षांना तीन मिनिटं, प्रवेशद्वाराशी ठेव योजनांचं टेबल, आणि दुसऱ्या कुठल्याही पतसंस्थेची किंवा बँकेची जाहिरात नाही. हे शेवटचं आश्वासन सगळ्यांत मोलाचं असतं, पण ते देण्याआधी स्मरणिकेसाठी कुणा सभासदाने दुसऱ्या बँकेला शब्द दिलेला नाही ना, हे विचारून घ्यावं.

काय देणार नाही, हेही तिथेच सांगावं. व्याख्यानाच्या मधे जाहिरात होणार नाही, विषय किंवा वक्ता प्रायोजक ठरवणार नाही, आणि श्रोत्यांच्या फोन नंबरांची यादी मिळणार नाही. ही यादी पुष्कळदा मागितली जाते. लोकांनी नंबर वाचनालयाच्या नोंदवहीत निरोपासाठी दिलेले असतात, ते दुसऱ्याच्या हाती देणं गैर आहे. ज्याला योजनांची माहिती हवी, तो टेबलावर थांबून स्वतः नंबर देईलच. वक्त्यालाही प्रायोजक कोण, हे निमंत्रण देतानाच कळवावं. पडदा पाहून अवघडलेला वक्ता आयोजकांना फार महागात पडतो.

अध्यक्ष भेटीत हसून होकार देतील, तरी तो पक्का धरू नये. पतसंस्थेत असा खर्च संचालक मंडळाच्या बैठकीत मंजूर व्हावा लागतो आणि ती सहसा महिन्यातून एकदा होते. म्हणून जानेवारीच्या मालेचं पत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला जायला हवं. दिवाळीच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो आणि डिसेंबरात पत्रिका छापायला जाते. उठताना विचारावं, ‘मंडळाची बैठक कधी आहे आणि त्यांच्यासमोर ठेवायला कुठला कागद लागेल?’ तारीख मिळाली तर काम पुढे सरकलं. नुसतं ‘बघू, कळवतो’ मिळालं, तर आठवडाभराने एक फोन करावा आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या नावाचं पत्र तयार ठेवावं. पडद्यावर नाव किती मोठं असेल, टेबल दाराच्या कुठल्या बाजूला, असे प्रश्न जो विचारतो तो मनाने आत आलेला असतो.

मंजुरी आली की ठरलेलं सगळं एका पत्रात लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. निम्मी रक्कम पत्रिका छपाईला जाण्याआधी, उरलेली मालेच्या पहिल्या दिवशी, आणि दोन्ही धनादेशाने. नावाचं शुद्धलेखन, बोधचिन्ह आणि नोंदणीकृत नाव ‘सहकारी’सकट त्यांच्याकडूनच लेखी मागवावं, आणि पत्रिकेचं प्रूफ छापण्याआधी त्यांना दाखवून सही घ्यावी. माला संपल्यावर पंधरा दिवसांत पावती, रोजची श्रोतेसंख्या, पडदा स्पष्ट दिसेल असे चार फोटो आणि स्मरणिकेच्या पाच प्रती व्यवस्थापकाच्या टेबलावर पोचवाव्यात; पुढच्या ऑक्टोबरात मंडळासमोर ठेवायला त्यांच्याकडे हीच फाईल असेल.