नेमबाजीच्या संगणकीय खेळांतील शस्त्र-जोडण्या : हाताळणी आणि पल्ला यांतील देवघेवीचा अभ्यास

प्रस्तावना :
जासई परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संभाषणात 'स्कोप', 'ग्रिप', 'बॅरल' हे शब्द सहज ऐकू येतात. शस्त्राला जोडावयाच्या या सुट्या भागांना खेळात 'अटॅचमेंट' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना 'जोडणी' असे संबोधले आहे. जोडणी लावली की शस्त्र सर्वार्थाने सुधारते, असा समज आढळतो. तो कितपत खरा आहे, हे येथे एका उदाहरणाच्या आधारे तपासावयाचे आहे.

दोन पद्धती :
'पबजी मोबाईल' (भारतात 2020 मध्ये बंदी) आणि 2021 मध्ये आलेला 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या खेळांत जोडण्या मैदानात शोधाव्या लागतात. तेथे कोणत्या शस्त्राला कोणती जागा आहे, यावरच समतोल साधला जातो. 'एम 416' या रायफलीला ग्रिप लावता येते. अधिक इजा करणाऱ्या 'एकेएम'ला ती जागाच ठेवलेली नाही. 'कॉल ऑफ ड्यूटी : मोबाईल' या खेळात 2020 मध्ये 'गनस्मिथ' ही दुसरी पद्धत आली. येथे खेळाडू सामन्यापूर्वीच शस्त्र जुळवितो, परंतु अधिकाधिक पाचच जोडण्या निवडता येतात आणि बहुतेक जोडण्या एक गुण देताना दुसरा काढून घेतात.

बॅरलचे गणित :
लांब बॅरलमुळे गोळी पूर्ण इजा करते ते अंतर वाढते, मात्र बंदूक डोळ्याशी आणून नेम धरण्यास अधिक वेळ लागतो. एक काल्पनिक रायफल घेऊ. ती मिनिटास 600 गोळ्या झाडते, म्हणजे दोन गोळ्यांत 100 मिलिसेकंदांचे अंतर पडते. प्रतिस्पर्ध्याची प्राणशक्ती 100 आहे. 20 मीटरपर्यंत प्रत्येक गोळीची इजा 25 आणि त्यापुढे 20 आहे. नेम धरण्यास 250 मिलिसेकंद लागतात. लांब बॅरल लावल्यास पूर्ण इजेची मर्यादा 25 मीटर होते, पण नेमास 290 मिलिसेकंद लागतात.

20 मीटर म्हणजे साधारणपणे क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी. त्याच्या आत दोन्ही रचनांना चार गोळ्या पुरतात. पहिली गोळी लगेच सुटत असल्याने चार गोळ्यांस 300 मिलिसेकंद लागतात. साध्या रचनेचा एकूण वेळ 550, तर लांब बॅरलचा 590 होतो. 20 ते 25 मीटरच्या पट्ट्यात साध्या रचनेस पाच गोळ्या लागून वेळ 650 होतो, लांब बॅरलचा मात्र 590 च राहतो. 25 मीटरपुढे दोघांनाही पाच गोळ्या लागतात आणि लांब बॅरल पुन्हा 40 मिलिसेकंदांनी मागे पडते. म्हणजे फायदा केवळ पाच मीटरच्या पट्ट्यापुरता आहे. खेळाडू आधीच नेम धरून दबा धरून बसला असेल, तर नेमाचा वेळ मोजण्याचे कारण उरत नाही आणि तोटा नाहीसा होतो. उलट, इजा 30 वरून 26 वर येत असेल, तर दोन्ही अंतरांवर चारच गोळ्या लागतात आणि वाढलेला पल्ला या हिशेबात व्यर्थ ठरतो.

ग्रिप आणि स्कोप :
वरील गणितात प्रत्येक गोळी लागते असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात एक गोळी चुकली की 100 मिलिसेकंद वाया जातात. ही रक्कम नेमातील 40 मिलिसेकंदांच्या तोट्याच्या अडीचपट आहे. म्हणून झटका आवरणारी ग्रिप काही वेळा गतीचा तोटा भरून काढते. तथापि, वर जाणारा झटका बराचसा ठराविक असल्याने बोट खाली ओढून सरावाने आवरता येतो. डावी-उजवीकडचा झटका अनिश्चित असल्याने तेथे जोडणीचे साहाय्य अधिक मोलाचे ठरते.

स्कोप गोळीचा पल्ला वाढवीत नाही, तो लक्ष्य मोठे दाखवितो. त्याच प्रमाणात झटकाही पडद्यावर मोठा दिसतो आणि दृष्टिक्षेत्र अरुंद होते. त्यामुळे चौपट स्कोप लावून जवळच्या, धावत्या प्रतिस्पर्ध्यावर नेम धरताना तो चौकटीबाहेर निसटतो.

पडताळणी व मर्यादा :
सराव-मैदानात लक्ष्यापासून टप्प्याटप्प्याने मागे जात किती गोळ्या लागतात हे मोजावे. ज्या अंतरावर संख्या बदलते, तेवढेच अंतर बॅरलच्या निवडीस महत्त्वाचे होय. खेळाच्या नव्या आवृत्तीत आकडे बदलतात, म्हणून मोजणी पुन्हा करावी लागते. शिवाय मोबाईल जाळ्यातील विलंब 40 मिलिसेकंदांहून अधिक खाली-वर होत असेल, तर एका सामन्यातील जय-पराजयावरून जोडणीची पारख करता येत नाही.

निष्कर्ष :
खऱ्या बंदुकीत नळीच्या लांबीचा परिणाम गोळीच्या वेगावर होतो. खेळातील इजेचे टप्पे मात्र रचनाकाराने ठरविलेले असतात. त्यामुळे 'उत्तम जोडणी कोणती' हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या अंतरावर आणि नेम आधीच धरलेला असताना की नसताना, हे सांगितल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.