तुझा सोमवार, माझा मंगळवार!

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. सकाळचे साडेसात. कोथरूडमधल्या एका टू बीएचकेच्या गॅलरीत ती चहाचा कप घेऊन मोबाइलकडे बघत बसलीय. रोज या वेळेला त्याचा व्हिडिओ कॉल येतो. सात पस्तीस... सात चाळीस... नाहीच. शेवटी तीच लावते, तो कट करतो. ‘मीटिंग’ एवढाच मेसेज. सव्वाआठला ती हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये चढते आणि साडेआठला, बस चांदणी चौकात अडकलेली असताना, फोन वाजतो. शेजारी टीममधली मुलगी, मागच्या सीटवर मॅनेजर. आता ती कट करते.

त्या दिवशी दोघं एकमेकांवर जाम भडकले. म्हणजे ‘तुला आता माझ्यासाठी वेळच नाहीये’पासून ‘मग राहू दे ना’पर्यंत सगळं झालं. गंमत अशी की दोघंही अगदी वेळेवर होते! ती नेहमीसारखी सकाळी साडेसातला बसली होती आणि तो कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, नेहमीसारखा संध्याकाळी सातला. बदललं होतं ते घड्याळ. दोन दिवस आधी, रविवारी, अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली होती. पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्यातलं साडेबारा तासांचं अंतर साडेतेरा झालं होतं. तिच्या साडेसातला त्याच्याकडे आता सहाच वाजत होते आणि तो ऑफिसातच होता.

पण मग सोमवारीच हे लक्षात कसं नाही आलं? कारण तिच्या सोमवारी सकाळी त्याची रविवारची संध्याकाळ असते. तो घरीच लोळत होता, फोन वाजला, उचलला. मोबाइलचं घड्याळ तर आपोआप बदलतं, त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ फिरवायची वेळही कुणावर आली नाही.

या दोघांची नावं छापायची नाहीत ही अट होती. (“माझ्या आईला अर्ध्या गोष्टी माहीत नाहीयेत,” ती म्हणाली.) ती सत्तावीसची, डेटा अॅनालिटिक्समध्ये. तो एकोणतीसचा, सॉफ्टवेअरवाला. जानेवारी २०२४मध्ये साखरपुडा झाला आणि फेब्रुवारीत तो गेला... आधी लंडनला, मग वर्षभराने कंपनीच्या ट्रान्सफरवर कॅलिफोर्नियाला. प्रत्यक्ष भेट मधल्या काळात एकदाच, बारा दिवसांची. बाकी सगळी लव्हस्टोरी सहा इंची स्क्रीनवर.

लांब गेला आणि जवळ आला

लंडन पुण्यापासून सुमारे सात हजार किलोमीटरवर, कॅलिफोर्निया साडेतेरा हजारांवर. ट्रान्सफरची बातमी आली तेव्हा तिच्या घरी सगळ्यांचे चेहरे पडले. “अहो, अजून लांब चालला जावई,” असं तिची आई बाबांना म्हणाली. पण तुम्ही कागदावर दोन रेघा मारून बघा.

उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. तो ऑफिसातून ट्यूबने घरी पोचणार सातला. तेव्हा पुण्यात वाजलेले असतात रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात तर साडेबारा. त्याआधी ती मोकळी असते तेव्हा तो डेस्कवर. सकाळी ती उठते तेव्हा तिकडे पहाटेचे तीन. वीकएण्डचं ठीक आहे, पण कामाच्या दिवशी दोघं एकाच वेळी जागे आणि मोकळे अशी एकच फट उरते. ती फट तिच्या झोपेतून कापलेली! रोज, न चुकता तिच्याच.

वर घर टू बीएचके. तिच्या खोलीत आजी झोपलेली. त्यामुळे कॉल एकतर कुजबुजत, नाहीतर गच्चीवर डास मारत. “तो दिवस संपवून फ्रेश झालेला असायचा, आणि मी बोलता बोलता पेंगायचे. त्याला वाटायचं मला इंटरेस्टच नाहीये,” ती सांगते. २७ ऑक्टोबर २०२४ला तिकडची घड्याळं मागे गेली आणि साडेअकराचे साडेबारा झाले. त्या एका तासाने कंबरडं मोडलं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग नुसत्या मिस्ड कॉलची यादी. डिसेंबरमध्ये एका रात्री तिने साखरपुड्याची अंगठी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. घरी सांगितलं की बोट सुजलंय.

कॅलिफोर्नियाचं गणित अगदी वेगळं. उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक म्हणजे रात्र आणि दिवस जवळजवळ उलटे. त्यामुळे फटी दोन मिळतात. तिची सकाळ साडेसातची, त्याची संध्याकाळ सातची. तिची रात्र साडेनऊची, त्याची सकाळ नऊची. कुणालाही झोप मोडायची गरज नाही. त्यांनी सकाळची निवडली, कारण तिच्या रात्री साडेनऊला तो एका हातात टोस्ट आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप अशा अवस्थेत असायचा. “सकाळी साडेसातला भांडायला सुचतच नाही,” ती म्हणते. हिशेबही सोपा आहे. पुण्याच्या वेळेतलं सकाळ-रात्र उलटं करायचं आणि अर्धा तास वजा. हिवाळ्यात दीड तास वजा. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. भारतात कधीच नाही. त्या ४ नोव्हेंबरनंतर हे दोन रविवार तिने देवघराशेजारच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून ठेवलेत.

‘उद्या’ या शब्दावर मात्र बंदी आहे. तिचा मंगळवार उजाडतो तेव्हा त्याचा सोमवार संपत असतो. “उद्या बोलू” म्हटलं की कुणाचा उद्या? यावरून दोन कॉल वाया गेले. आता ‘तुझा बुधवार’, ‘माझा बुधवार’ असंच बोलतात. त्याच्या मित्रांना वाटतं, वारांवरूनही यांची वाटणी झालीय की काय!

ते ‘हो’ उशिरा का येतं?

वेळ जुळली तरी दुसरा व्हिलन आहे, आणि तो जास्त डेंजर, कारण तो दिसत नाही. ऑगस्टमधल्या एका सकाळी तिने विचारलं, “डिसेंबरमध्ये नक्की येशील ना?” एक छोटासा पॉज. मग, “हो, येणार.” तिच्या डोक्यात दिवसभर तो पॉजच घोळत राहिला. विचार का करावा लागला त्याला?

आता ऐका. समोरासमोर गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या दहा भाषा तपासल्या होत्या. थोडाफार फरक सोडला तर सगळीकडे चित्र हेच. इतक्या बारीक तालावर आपले कान बसलेले असतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे पुणे-कॅलिफोर्निया सरळ रेषेत केबल टाकली तरी प्रश्न जाऊन उत्तर यायला एक सप्तमांश सेकंद नुसता प्रवासातच जाणार. आणि केबल काही सरळ जात नाही, ती समुद्रातून वळसे घेत जाते. वर व्हिडिओ दाबून पाठवायचा, तिकडे उलगडायचा, वायफायचे हिसके निस्तरायचे. या सगळ्यात सहज अर्धा सेकंद होतो. त्याने क्षणात दिलेलं ‘हो’ तिच्यापर्यंत चाचरत आल्यासारखं पोचतं.

आणि दोष आपण लाइनला नाही, माणसाला देतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४मध्ये हेच दाखवलं. कॉलमध्ये मुद्दाम उशीर घातला तर समोरचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी मनमोकळा वाटायला लागतो. बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं!

मग ओळखायचं कसं? या दोघांची एक टेस्ट आहे. ती ‘एक’ म्हणते, तो ‘दोन’, ती ‘तीन’, तो ‘चार’... दहापर्यंत. आकडे टेबल टेनिससारखे पटापट आले तर लाइन ठीक. रेंगाळले, तर त्या कॉलवर गंभीर विषय काढायचा नाही. दुसरी खूण तर तुम्हीही अनुभवली असेल. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग “बोल तू”, “नाही, तू बोल”. असं दोन-तीनदा झालं की समजायचं, लाइन मागे पडतेय. अशा वेळी व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवला किंवा राउटरजवळ जाऊन बसलं, तर घरच्या वायफायच्या गर्दीमुळे होणारा उशीर कमी होतो. अंतरामुळे होणारा मात्र कशानेच नाही.

रोजचा एक गोड तास

लॉन्ग डिस्टन्समध्ये प्रेम आटतं, असं सगळ्या मावश्या-काकवा सांगतात. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन संशोधकांनी जोडप्यांकडून डायऱ्या लिहून घेतल्या, तर निघालं उलटंच. लांब राहणारी जोडपी दिवसात कमी वेळा बोलतात, पण मनातलं जास्त बोलतात आणि जोडीदाराला जरा जास्तच गोंडस समजतात. मेख तिथेच आहे. २००६च्या एका अमेरिकन अभ्यासात, दूर राहून नंतर एका गावात आलेल्या कॉलेजवयीन जोडप्यांपैकी साधारण एक तृतीयांश जोडपी तीन महिन्यांच्या आत फुटली होती.

तिला हे आकडे मी सांगितले तेव्हा ती हसली नाही. जून २०२५मध्ये तो बारा दिवस पुण्यात आला होता. “तिसऱ्या दिवशी मला कळलं की हा जेवताना एक शब्द बोलत नाही. मागे बडबड लागते म्हणून दिवसभर टीव्ही चालू ठेवतो. दीड वर्ष मी याच्याशी रोज बोलत होते आणि मला हे माहीत नव्हतं!” त्याची तक्रार वेगळी. ही प्रत्येक गोष्ट आधी आईला सांगते, मग त्याला. कॉलवर ते कधी दिसलंच नाही, कारण कॉलवर रोज दोघंही विंचरलेले केस आणि ठरवून आणलेले विषय घेऊन बसायचे.

लग्नाची तारीख अजून ठरलेली नाही. तिने नोकरी सोडून जायचं की त्याने परत यायचं, हा मुद्दा आकडे मोजून, लाइन चांगली असेल त्याच दिवशी निघतो. निर्णय झालेला नाही. अंगठी बोटात आहे.

बदल एकच केलाय, आणि तो मला फार आवडला. आठवड्यातून एक कॉल ‘बोअर कॉल’. तिची रविवारची सकाळ, त्याची शनिवारची संध्याकाळ. फोन टेकवून ठेवायचा आणि आपापली कामं करायची. ती कपड्यांच्या घड्या घालते, तो स्वयंपाक करतो, मध्येच आजी येऊन “जेवलास का रे बाळा?” विचारून जाते. विषय काढायचा नाही, छान दिसायचं नाही, दहा मिनिटं कुणी बोललं नाही तरी चालेल. पहिल्याच बोअर कॉलमध्ये तिने त्याला फ्रिज उघडून दाखवायला लावला. आत तीन आठवड्यांपूर्वीचं वरण होतं, आणि तो ते गरम करायला निघाला होता.