मंगळवारी आणि शुक्रवारी, एरवी गप्प

देवगडचा एखादा बागायतदार पुण्यातल्या गिऱ्हाइकांना घरपोच हापूस पाठवत असेल, तर एप्रिल-मेमध्ये त्याच्याकडे सांगण्यासारखं रोज काहीतरी असतं. आज तोडणी झाली, भाव उतरला, अवकाळी पावसामुळे गाडी उद्या निघेल. हे सगळं ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि कोणीतरी सकाळी फुलांचे फोटो टाकायला लागतो. ब्रॉडकास्ट लिस्टला 256 जणांची मर्यादा असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच निरोप मिळतो. म्हणून 2023 मध्ये व्हॉट्सॲपवर चॅनेलची सोय आल्यापासून अनेक छोटे विक्रेते तिकडे वळले. चॅनेलवर बोलायचं ते फक्त चालवणाऱ्यानं. ऐकणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चॅनेल फॉलो केलं तरी त्याची सूचना मुळात बंदच असते. फोन वाजावा असं वाटत असेल तर माणसाला स्वतः घंटेच्या चिन्हावर बोट ठेवावं लागतं. म्हणजे आपले श्रोते दोन प्रकारचे. बरेचसे कधीतरी ‘अपडेट्स’मध्ये डोकावणारे आणि थोडे घंटा चालू केलेले. जास्त मेसेज टाकले तर पहिल्या गटाला फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो दुसऱ्याला, आणि पेटी संपायच्या आत मागवणारं गिऱ्हाईक बहुधा याच गटात असतं. वैतागून त्यानं घंटा बंद केली, तर आपल्याला ते कळतही नाही.

म्हणून वार ठरवून टाकावेत. आपल्या बागायतदारानं चॅनेलच्या माहितीत लिहावं: ‘मार्च ते जून, मंगळवारी व शुक्रवारी रात्री आठला. फक्त भाव, माल आणि गाडीचा दिवस.’ घंटा चालू करायची की नाही, हे ठरवायला गिऱ्हाइकाला एवढं पुरतं. दोन वारांच्या मधे मेसेज टाकायचा तो गाडी चुकली किंवा भाव बदलला तरच. सणाच्या शुभेच्छा, बागेतला सूर्यास्त, ‘आमच्याकडे खात्रीशीर माल मिळेल’ हे या चॅनेलवर नको.

दुसरी गोष्ट पहिल्या ओळीची. ‘अपडेट्स’च्या यादीत चॅनेलच्या नावाखाली मेसेजचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. तिथे ‘नमस्कार ग्राहक बंधू-भगिनींनो’ असेल तर बातमी झाकली जाते. त्याऐवजी असं लिहावं:

‘शनिवारी पुण्यात गाडी. पाच डझनी पेट्या 40. आंबा कच्चा आहे, गवतात ठेवल्यावर साधारण आठ दिवसांत तयार होईल. मागणी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, खालच्या नंबरवर.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. चॅनेलवरच्या साध्या मेसेजला उलट उत्तर लिहिता येत नाही, इमोजी टाकता येतो. मागणी कुठे नोंदवायची ते लिहिलं नाही, तर इच्छा असूनही माणूस तिथेच थांबतो. आणि ‘कोथरूडच्या पेट्या उशिरा येतील’ हा निरोप चॅनेलवर टाकायचा नाही. ज्यांनी मागवल्या त्यांनाच वैयक्तिक कळवायचा. बाकीच्यांनी तो का वाचावा? लोक कंटाळतात ते बहुतेक वेळा अशाच, आपल्याशी संबंध नसलेल्या निरोपांना.

शुक्रवारी सकाळीच पेट्या संपल्या तर नवा मेसेज टाकण्याची गरज नाही. जुन्याच मेसेजवर बोट दाबून धरून तो दुरुस्त करावा आणि सुरुवातीला ‘संपल्या’ असं लिहावं. घंटा चालू असलेल्यांचा फोन पुन्हा वाजत नाही आणि उशिरा बघणारा उगाच फोन करत नाही. भावात आकडा चुकला तरी हाच उपाय. फोटोही एकच, पेटी उघडून फळांचा आकार दिसेल असा काढलेला. आठ फोटो एकामागून एक सोडले तर खरी बातमी त्यांच्या वर ढकलली जाते.

हे जमतंय की नाही, ते कसं ओळखायचं? कोण सोडून गेलं हे कळत नसलं तरी फॉलोअर्सचा आकडा दिसतो. प्रत्येक मेसेजनंतर दुसऱ्या दिवशी तो वहीत टिपावा, आणि शेजारी त्या मेसेजवरून किती मागण्या आल्या तेही. एखाद्या प्रकारच्या मेसेजनंतर आकडा वारंवार घसरत असेल, तर तो प्रकार बंद. आकडा वाढतोय पण मागण्या वाढत नाहीत, असं असेल तर लोक आहेत पण वाचत नाहीत, असं समजावं.

जूनमध्ये शेवटचा मेसेज टाकावा: ‘हंगाम संपला. आता थेट मार्चमध्ये भेटू.’ मग आठ-नऊ महिने खरोखर गप्प बसावं. आंबा नसताना आंबेवाल्याचा मेसेज कोणालाच नको असतो.